बेरीज जुळली, बिल चुकलं

ऑक्टोबर 2025 मधली गोष्ट. मी एका छोट्या बांधकाम ठेकेदाराचे हिशेब बघते. साइटवरून मुकादमाने पाठवलेलं बिल्डिंग मटेरियलचं एक बिल माझ्या टेबलावर आलं. एकूण रक्कम रुपये 48,032. मी कॅल्क्युलेटर घेतला, रकमांच्या रकान्याची बेरीज केली, त्यात कर मिळवला, गाडीभाडं मिळवलं. उत्तर आलं 48,031 रुपये 78 पैसे. वर 22 पैशांचं राउंड ऑफ. अगदी तंतोतंत.

तरीही ते बिल 1,156 रुपयांनी चुकलेलं होतं, आणि त्यात एक नाही, तीन चुका होत्या.

बहुतेक लोक बिल असंच तपासतात. खालचा आकडा वरच्या आकड्यांच्या बेरजेइतका आहे ना, एवढं बघतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. पण बेरीज जुळणं याचा अर्थ एवढाच की वर जे काही लिहिलंय ते बरोबर मिळवलंय. वर चुकीचं लिहिलं असेल, तर बेरीज ती चूक इमानेइतबारे खाली आणून ठेवते. म्हणून बिलाचा ताळा खालून नाही, वरून करायचा असतो: आधी प्रत्येक ओळ, मग कराचा दर, मग कराची रक्कम, आणि सगळ्यात शेवटी एकूण. या एका बिलावर तो कसा करायचा ते दाखवते.

बिलातला मजकूर असा होता:

| माल | नग | दर | सूट | करपात्र रक्कम | जीएसटी |
|---|---|---|---|---|---|
| सिमेंट | 45 गोण्या | 310.00 | – | 13,950.00 | 28% |
| क्रश सँड | 2.5 ब्रास | 4,300.00 | – | 10,750.00 | 5% |
| पीव्हीसी पाइप | 24 | 468.50 | 1,124.40 | 10,191.60 | 18% |
| वॉल पुट्टी | 6 गोण्या | 715.00 | – | 4,290.00 | 18% |

त्याखाली चार ओळी. करपात्र रकमांची बेरीज 39,181.60. सीजीएसटी 3,525.09 आणि एसजीएसटी 3,525.09, म्हणजे एकूण कर 7,050.18. मग गाडीभाडं 1,800. आणि एकूण 48,032.

ओळ आडवी वाचा

पहिलं काम आडवं. नग गुणिले दर, त्यातून सूट वजा, आणि जे उरेल ती करपात्र रक्कम, म्हणजे ज्या रकमेवर कर लागायचा ती. यात कॅल्क्युलेटरची फारशी गरज पडत नाही. 45 गोण्या 310 ने: 45 गुणिले 300 म्हणजे 13,500, वर 45 गुणिले 10 म्हणजे 450, झाले 13,950. बरोबर. क्रश सँडला तर जुन्या लोकांची अडीचकी पुरते: 4,300 ची दुप्पट 8,600, त्यात निम्मे 2,150, झाले 10,750. बरोबर. पुट्टी, सहा साते बेचाळीस म्हणजे 4,200 आणि सहा पंधरे नव्वद: 4,290. बरोबर.

आता पाइप. 24 गुणिले 468.50 म्हणजे 11,244. दहा टक्के सूट 1,124.40, तीही बरोबर. 11,244 मधून 1,124.40 गेले की उरतात 10,119.60. बिलात मात्र आहेत 10,191.60. फरक 72 रुपये.

इथे थांबून फरकाच्या आकड्याकडे नीट बघायचं. 72 ला 9 ने पूर्ण भाग जातो, भागाकार येतो 8. हिशेब तपासणाऱ्यांची ही फार जुनी युक्ती आहे. शेजारशेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की पडणारा फरक नेहमी 9 च्या पटीत असतो. कारण सोपं आहे. दशकाच्या घरातला अंक एककात आला की त्याची किंमत दहापट असायची ती एकपट होते, म्हणजे नऊपट कमी होते, आणि एककातला दशकात गेला की त्याची नऊपट वाढते. त्यामुळे एकूण फरक म्हणजे त्या दोन अंकांमधल्या अंतराची नऊपट. 72 भागिले 9 म्हणजे 8, तर मग असे दोन अंक शोधायचे ज्यांच्यात आठाचं अंतर आहे. 10,119 मध्ये शेवटचे दोन अंक 1 आणि 9. अंतर आठ. टाइप करताना 19 चं 91 झालं. चूक कुठली ते कळलंच, ती कशी झाली तेही कळलं.

ही खूण म्हणजे पुरावा नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवावं. कुठलाही फरक 9 च्या पटीत असण्याची शक्यता तशीही नऊत एक असतेच. पण शोध कुठून सुरू करायचा हे ती सांगते, आणि पन्नास ओळींच्या बिलात तेवढंही पुष्कळ असतं.

अशी चूक संगणकाच्या बिलात कशी येते, असं वाटेल. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा येत नाही. पण अनेक दुकानांतली बिलं एक्सेलच्या एका जुन्या फाइलवर निघतात. तिथे खालच्या बेरजेला सूत्र असतं, पण सूट द्यायची असली की काउंटरवरचा माणूस बाजूच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करतो आणि उत्तर हाताने त्या चौकटीत टाकतो. चौकटीतलं सूत्र तिथेच पुसलं जातं. पुढचा कर, पुढची बेरीज सगळं त्या चुकीच्या आकड्यावर बिनचूक होत जातं. म्हणूनच माझी बेरीज जुळली होती.

महिन्याला दहा-वीस बिलं बघायची असतील तर मी ती एका शीटवर उतरवते. ब रकान्यात नग, क मध्ये दर असं नाही, तर संगणकावर दिसतात तसे B मध्ये नग, C मध्ये दर, D मध्ये सूट आणि E मध्ये बिलात छापलेली रक्कम. मग शेजारच्या चौकटीत एवढंच लिहायचं:

```
=ROUND(B2*C2-D2,2)-E2
```

शून्य आलं तर ओळ बरोबर. शून्याशिवाय काहीही आलं तर ती ओळ तांबड्या पेनाची. आपल्या पाइपच्या ओळीत इथे -72 येतं, म्हणजे बिलात 72 रुपये जास्त लावलेत. बिलातली रक्कम हाताने टाइप करायची, दुकानदाराच्या फाइलमधून उचलून चिकटवायची नाही. उचलताना कधी कधी आकडा संख्या म्हणून न येता अक्षरं म्हणून येतो, दिसायला तसाच दिसतो, पण `SUM` त्याला मोजतच नाही.

छापलेला दर आणि लागू दर

ओळी झाल्या की कराकडे वळायचं. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. पहिला: बिलात जो दर छापलाय, त्याच दराने कर काढलाय का? दुसरा: जो दर छापलाय, तो त्या मालाला त्या तारखेला लागू होता का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतूनच मिळतं. छापलेल्या दरावर विश्वास न ठेवता उलटा भागाकार करायचा: कराची रक्कम भागिले करपात्र रक्कम. सिमेंटवर कर 3,906 लावला होता. 3,906 भागिले 13,950 म्हणजे 0.28. छापलाय 28 टक्के, निघालाही 28 टक्के. क्रश सँडवर 537.50, भागिले 10,750 म्हणजे 0.05. पाइप आणि पुट्टी मिळून 14,481.60, त्यावर 2,606.68, म्हणजे 18 टक्के. अंकगणितात खोट नाही.

खोट दुसऱ्या प्रश्नात होती. सिमेंटवर 28 टक्के जीएसटी होता, पण 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला. हे बिल ऑक्टोबरचं, मालही ऑक्टोबरात आलेला. दुकानाच्या फाइलमध्ये सिमेंटसमोर जुना दर तसाच राहून गेला होता. 13,950 वर 28 टक्के म्हणजे 3,906, आणि 18 टक्के म्हणजे 2,511. फरक 1,395. हा आकडा बघा: 13,950 चा बरोबर दहावा हिस्सा. फरक एखाद्या ओळीच्या सरळ टक्केवारीत बसला, 10 टक्के, 13 टक्के असा, की चूक बेरजेत नाही, दरात आहे असं समजावं.

दर बदलल्यानंतरच्या काही महिन्यांत ही चूक सगळ्यात जास्त सापडते. म्हणून मी दर बदलाच्या तारखा कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवल्या आहेत, आणि बिल आलं की आधी त्याची तारीख बघते, मग दर.

कराच्या बाबतीत आणखी एक पडताळा अर्ध्या मिनिटात होतो. विकणारा आणि माल पोचण्याची जागा एकाच राज्यात असेल, तर कराचे दोन समान भाग होतात: निम्मा केंद्राचा सीजीएसटी, निम्मा राज्याचा एसजीएसटी. दोन्ही आकडे पैशापर्यंत सारखे हवेत. नसले तर कुठेतरी हात लागलाय. राज्य वेगळं असेल तर दोन भाग नाहीत, एकच आयजीएसटी. राज्य ओळखायला दुकानदाराच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक बघायचे: महाराष्ट्र 27, गोवा 30, कर्नाटक 29, गुजरात 24. म्हापशाच्या दुकानाने सावंतवाडीला माल पोचवला आणि बिलात सीजीएसटी-एसजीएसटी लावला, तर रक्कम रुपयाने चुकलेली नसते, पण कर चुकीच्या खात्यात जातो, आणि तो निस्तरताना दोघांचीही दमछाक होते.

गाडीभाडं कुठल्या ओळीत बसलंय?

तिसरी चूक आकड्यात नव्हती, जागेत होती. गाडीभाड्याचे 1,800 रुपये कराच्या खाली, एकूण रकमेच्या अगदी वर लिहिले होते. म्हणजे त्यावर कर लावलाच नव्हता.

क्रश सँडचा भाव साइटपोच होता. हा टेम्पो आला होता सिमेंट, पाइप आणि पुट्टी घेऊन. माल विकणारा स्वतःच गाडी लावतो आणि भाडं स्वतःच्या बिलात घेतो, तेव्हा ते भाडं मालाच्या किमतीचाच भाग मानलं जातं. जीएसटी कायद्याच्या कलम 15 मध्ये पॅकिंग, भाडं, हमाली अशा मालाबरोबरच्या खर्चाचं हे स्पष्ट सांगितलंय. टेम्पोतला सगळा माल 18 टक्क्यांचा, म्हणून भाड्यावरही 18 टक्के: 324 रुपये. हे दुकानदाराने कमी लावले होते. ओळ कराच्या वर आहे की खाली, एवढ्यावर बिल बदलतं. म्हणून मी कराच्या खाली लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारते, तू इथे कशी आलीस? तिथे खरं तर एकच ओळ असायला हवी: राउंड ऑफ.

सुटीचंही तेच. ठरलेली सूट बिलातच दाखवली तर ती करपात्र रकमेतून आधी वजा होते आणि कर उरलेल्या रकमेवर लागतो. आपल्या बिलात पाइपची सूट बरोबर जागी होती. तीच कराखाली लिहिली असती, तर 1,124.40 वर 18 टक्क्यांनी 202 रुपये 39 पैसे कर विनाकारण पडला असता.

आता एकूण

तिन्ही दुरुस्त्या करून बिल पुन्हा मांडू. 18 टक्क्यांच्या गटात सिमेंट 13,950, पाइप 10,119.60, पुट्टी 4,290 आणि भाडं 1,800: बेरीज 30,159.60. त्यावर 9 टक्के सीजीएसटी 2,714.36 आणि तेवढाच एसजीएसटी. 5 टक्क्यांच्या गटात क्रश सँड 10,750, त्यावर अडीच-अडीच टक्के, म्हणजे 268.75 दोनदा. करपात्र एकूण 40,909.60, कर एकूण 5,966.22, दोन्ही मिळून 46,875.82. वर 18 पैसे राउंड ऑफ. एकूण 46,876 रुपये.

बिलात होते 48,032. फरक 1,156 रुपये. हा फरक सुटा करून बघितल्याशिवाय मी तपासणी संपली असं मानत नाही. पाइपच्या ओळीत 72 रुपये जास्त, त्यावरचा कर 12.96, मिळून 84.96. सिमेंटच्या दरामुळे 1,395 जास्त. भाड्यावरच्या करामुळे 324 कमी. 84.96 अधिक 1,395 उणे 324 म्हणजे 1,155.96. उरलेले चार पैसे दोन्हीकडच्या राउंड ऑफमधले. सगळा फरक नावानिशी सापडला. समजा यातले शंभर रुपये कशातच बसले नसते, तर त्याचा अर्थ चौथी चूक अजून लपलेली आहे.

भाड्याच्या 324 रुपयांनी काय केलं तेही बघा. त्यांनी दुसऱ्या चुकांचा काही भाग झाकला. नुसत्या एकूण रकमेकडे बघणाऱ्याला 1,156 चा घोळ दिसला असता, प्रत्यक्षात दुकानदाराने 1,480 रुपये जास्त आणि 324 कमी लावले होते. एखाद्या बिलात जास्तीची आणि कमीची चूक नेमकी सारखी निघाली, तर एकूण आकडा बरोबर आणि आतलं सगळं चूक, असंही होऊ शकतं. वरून खाली तपासायचं ते यासाठी.

पैशांचं भांडण करू नये, पण पैसे बघावेत

वरच्या हिशेबात एक बारीक गोष्ट आहे. 30,159.60 चे 18 टक्के म्हणजे 5,428.728, पैशापर्यंत बसवले की 5,428.73. पण 9 टक्के म्हणजे 2,714.364, ते झाले 2,714.36, आणि त्याची दुप्पट 5,428.72. एक पैसा गेला कुठे? कुठेच नाही. आधी अर्धं करून मग पैशात बसवलं, की आधी बसवून मग अर्धं केलं, एवढाच फरक. हा दोष नव्हे.

मग किती फरक सोडून द्यायचा? यालाही हिशेब आहे. एक आकडा पैशापर्यंत बसवताना जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडे-तिकडे होतो. वीस ओळींवर वेगवेगळा कर काढून मिळवला, तर जास्तीत जास्त दहा पैसे. म्हणून वीस ओळींच्या बिलात सीजीएसटीत तीन-चार पैशांचा फरक आला तर मी तो ओलांडून पुढे जाते, आणि साठ पैशांचा आला तर पुन्हा पहिल्या ओळीला येते. मोठ्या विक्रेत्यांची ई-इनव्हॉइस तपासणारं सरकारी पोर्टलसुद्धा कराच्या आणि एकूण रकमेच्या पडताळ्यात रुपयाभराचा फरक चालवून घेतं, त्यापुढचा नाही.

राउंड ऑफची ओळही वाचायची असते. जवळच्या रुपयापर्यंत न्यायचं म्हटलं की ती कधीही 50 पैशांच्या वर जाऊ शकत नाही. राउंड ऑफ 3 रुपये 40 पैसे दिसलं, तर कोणीतरी न जुळलेला हिशेब तिथे सरकवून ठेवलाय.

फरक काय सांगतो

इतक्या वर्षांत काही फरक चेहऱ्याने ओळखू यायला लागलेत.

फरक बिलातल्या एखाद्या ओळीच्या रकमेएवढाच असेल, तर ती ओळ बेरजेत धरलीच नाही, किंवा दोनदा धरली. एक्सेलच्या बिलात शेवटी घाईघाईने एक ओळ वाढवली आणि `SUM` ची हद्द जुनीच राहिली, की हेच होतं.

फरकाचं निम्मं बिलात कुठेतरी छापलेलं सापडलं, तर जे वजा करायचं ते मिळवलं गेलं. आपल्या बिलातली 1,124.40 ची सूट कोणी मिळवली असती, तर फरक आला असता 2,248.80. त्याचं निम्मं केलं की चोर हातात.

फरक 9 च्या पटीत असेल तर अंक उलटे झालेत किंवा एक घर सरकलंय. 4,290 च्या जागी 429 पडलं तर फरक 3,861, म्हणजे 429 ची बरोबर नऊपट.

आणि करासहित भावावरून मूळ भाव काढलेला असेल, तर एक ठरावीक चूक शोधावी. 1,180 रुपयांत 18 टक्के कर धरलेला असेल, तर मूळ किंमत 1,180 भागिले 118 गुणिले 100, म्हणजे 1,000. पुष्कळ जण 1,180 मधूनच 18 टक्के वजा करतात आणि 967.60 लिहितात. त्यावर पुन्हा 18 टक्के लावून बघा, 1,180 परत येत नाहीत.

बिल परत कसं पाठवायचं

चूक सापडली की "बिल चुकलंय, बघा" असं सांगून भागत नाही. दुकानात त्याच माणसाने त्याच पद्धतीने पुन्हा बेरीज केली तर ती जुळणारच. म्हणून मी ओळीचा क्रमांक, बिलातला आकडा, हिशेबाने यायला हवा तो आकडा, फरक आणि कारण, अशा पाच गोष्टी लिहून पाठवते. त्या दिवशी पाठवलं ते असं:

ओळ 3, पाइप: बिलात 10,191.60, हवेत 10,119.60, 72 जास्त, अंक उलटे पडलेत.
ओळ 1, सिमेंट: कर 3,906, हवा 2,511, 1,395 जास्त, 22 सप्टेंबरपासून दर 18 टक्के.
गाडीभाडं: कर नाही, हवा 324, भाडं करपात्र रकमेत धरावं.
एकूण: बिलात 48,032, हवेत 46,876.

तासाभराने दुकानातून फोन आला. "ताई, आमच्याकडे तर टोटल बरोबर येतेय."

"दादा, टोटल बरोबरच आहे. तुम्ही फक्त तिसरी ओळ करा. चोवीस पाइप, चारशे साडेअडुसष्टने. सूट काढा. किती राहिले?"

कॅल्क्युलेटरच्या बटणांचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. "दहा हजार एकशे एकोणीस… अरेच्चा. आणि सिमेंटला मी जुनाच रेट ठेवलाय वाटतं. थांबा, नवीन बिल पाठवतो."

नवीन बिल पाठवतो म्हणजे काय, हेही महत्त्वाचं आहे. बिलावर पेनाने खाडाखोड करून सही केलेली मी घेत नाही, कारण दुकानदार सरकारला जे कळवेल ते खाडाखोडीआधीचं असेल की नंतरचं, याचा भरवसा नसतो. दर महिन्याला विवरण भरणारा विक्रेता आपल्या विक्रीची माहिती पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 मध्ये देतो, आणि 14 तारखेला ती माझ्या जीएसटीआर-2B मध्ये उतरते. ती उतरायच्या आधी चूक सापडली तर जुनं बिल रद्द करून नवीन क्रमांकाचं बिल देता येतं. उतरल्यावर सापडली तर बिल तसंच राहतं, आणि जास्त लावलेल्यासाठी क्रेडिट नोट, कमी लावलेल्यासाठी डेबिट नोट निघते. ई-इनव्हॉइस असेल तर पोर्टलवर ती रद्द करायला 24 तासच मिळतात. म्हणून बिल आलं त्याच दिवशी तपासलेलं बरं.

काही दुकानदार म्हणतात, कर जास्त लागला तरी तुम्हाला तो वजा मिळतोच की. पण जो कर त्या मालावर लागूच नव्हता त्याची वजावट मागितली, की पुढे वादाला तोंड फुटतं. आणि ग्राहकाकडून कर म्हणून घेतलेली रक्कम, दर चुकला असला तरी, दुकानदाराला सरकारजमा करावीच लागते. 28 टक्क्यांतून त्याच्याही हाती काही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी नवीन बिल आलं. 46,876. मी तरीही पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, कारण नवीन बिल म्हणजे नव्याने टाइप केलेले आकडे. या वेळी सगळ्या ओळींसमोर शून्य आलं. खाली "अक्षरी रुपये" वाचलं: सेहेचाळीस हजार आठशे शहात्तर फक्त. अक्षरात जुनाच आकडा राहून जाण्याचे प्रकार मी पाहिलेत.

आणि मग बिल बाजूला ठेवून मुकादमाची चलनं काढली. कारण 45 गुणिले 310 हे 13,950 होतात एवढंच गणित सांगतं. गोण्या 45 उतरल्या की 43, हे त्याला माहीत नसतं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अडीच ब्रास म्हणजे अडीचशे. डंपरचा हौदा किती लांब, किती रुंद, आणि क्रश सँड किती उंचीपर्यंत भरली होती, हे मोजमाप मुकादमाने चलनाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: साडेबारा, पाच, चार. गुणाकार केला. अडीचशे आले. तेव्हा मी बिलावर तारीख टाकून सही केली.